भोपळ्याची शाल: पाच मिनिटांचं निरोपाचं भाषण दोन मिनिटांत बसवताना

नोव्हेंबर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. ग्वाल्हेरला लष्कर भागात आमच्या घराजवळ एक लहान संगीतशाळा आहे. तिथे 34 वर्षं तानपुरे, तबले, पेट्या सांभाळणारे काका निवृत्त होत होते. त्यांच्या निरोप समारंभात गायन शिकवणाऱ्या ताई बोलणार होत्या. त्यांनी आठ दिवस खपून भाषण लिहिलं होतं आणि घरात चारदा मोठ्यानं वाचून पाच मिनिटांत बसवलं होतं. आदल्या दिवशी दुपारी व्यवस्थापकांचा फोन आला. बोलणारे सात झाले आहेत, सभागृह सात वाजता दुसऱ्या कार्यक्रमासाठी रिकामं करून द्यायचं आहे, तेव्हा प्रत्येकाला दोनच मिनिटं.

मी निवृत्त मराठी शिक्षक. गावातल्या मराठी कार्यक्रमांचं सूत्रसंचालन गेली बरीच वर्षं करतो, म्हणून ताई संध्याकाळी वही घेऊन माझ्याकडे आल्या. आल्या तेव्हा रडवेल्या होत्या. "सर, मी एक प्रयत्न केलाय, पण आता ते माझं वाटतच नाही," म्हणाल्या.

वहीत दोन मजकूर होते. मूळ भाषण 545 शब्दांचं. दुपारभर बसून त्यांनी स्वतः केलेलं छोटं भाषण 238 शब्दांचं. मी त्यांना उभं राहून ते छोटं भाषण वाचायला सांगितलं आणि फोनवर वेळ लावली. दोन मिनिटं बारा सेकंद. म्हणजे वेळेचा प्रश्न त्यांनी जवळजवळ सोडवलाच होता. आणखी दोन वाक्यं काढली असती तर भाषण बसलं असतं. पण ऐकताना मला काकांचा चेहरा एकदाही दिसला नाही, आणि ताई कशासाठी रडवेल्या झाल्या आहेत ते कळलं.

त्यांनी केलं होतं ते बहुतेक जण करतात. भाषणाचा प्रत्येक परिच्छेद अर्ध्याहून कमी केला होता. कुणावर अन्याय नको म्हणून सगळ्याला सारखी कात्री. मूळ भाषणात पहिल्या दिवसाची एक आठवण होती, 112 शब्दांची. जानेवारीतली सकाळ, अंधारा वर्ग, तानपुरा लावत बसलेले काका, त्यांची शाल, त्यांचं एक वाक्य. छोट्या भाषणात तिचं असं झालं होतं:

"काका थंडीतही सकाळी लवकर येऊन तानपुरे लावत आणि वाद्यांची स्वतःपेक्षा जास्त काळजी घेत."

तेरा शब्द. माहिती म्हणून यात काहीही सुटलेलं नाही. थंडी आहे, सकाळ आहे, तानपुरे आहेत, काळजी आहे. पण हे वाक्य सभागृहातल्या कुणालाही काकांविषयी बोलता आलं असतं, आणि काकांसारख्या दुसऱ्या कुणाविषयीही. आठवणीतलं माणूस गेलं आणि त्याच्या स्वभावाचा गोषवारा तेवढा राहिला. निरोपाच्या भाषणात ऊब असते ती त्या माणसानं काय केलं आणि तोंडानं काय म्हटलं यात. गोषवाऱ्यात ती टिकत नाही, तो तेरा शब्दांचा असो की तीसचा. म्हणून मी ताईंना म्हटलं, छोटं भाषण बाजूला ठेवा, आपण पुन्हा मूळ पाच मिनिटांपासून सुरुवात करू. सगळ्याला थोडी थोडी कात्री लावायची नाही. अख्खे तुकडे काढायचे, आणि जे ठेवू ते अंगभर ठेवायचं.

त्याआधी दोन मिनिटांत शब्द किती मावतात ते पाहिलं. ताईंचा मूळ मजकूर 545 शब्दांचा आणि वाचायला पाच मिनिटं आणि वर दोन-तीन सेकंद, म्हणजे त्यांचा वेग मिनिटाला साधारण 108 शब्द. या हिशेबानं दोन मिनिटांत 216 शब्द यायला हवेत. पण तो हिशेब घरातल्या वाचनाचा. सभागृहात खुर्चीवरून उठून माइकपर्यंत जाणं, माइकची उंची बघणं, नमस्कार, यात दहा सेकंद जातात. लोक हसले तर थांबावं लागतं. काही वाक्यांनंतर आपणच थांबायला हवं, नाहीतर ती वाक्यं वाया जातात. या सगळ्याला मी 35 सेकंद धरली. उरली 85. त्यात ताईंच्या वेगानं दीडशे शब्द बसतात. निरोपाच्या भाषणात वेग वाढवून भागत नाही, कारण भरभर बोललेला प्रेमाचा शब्द उरकल्यासारखा वाटतो. तेव्हा दीडशे ही वरची मर्यादा ठरली.

545 वरून दीडशे म्हटल्यावर ताई गप्पच झाल्या.

मग आम्ही मूळ भाषणातल्या प्रत्येक तुकड्यासमोर एकच प्रश्न लिहिला: हे उद्या दुसरं कुणी बोलणार आहे का? सुरुवातीचा तुकडा व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं, "मला बोलायची संधी दिल्याबद्दल आभार" आणि "मी काही वक्ता नाही" असा होता. नावं मीच सूत्रसंचालक म्हणून घेणार होतो आणि आणखी सहा वक्तेही घेणार होते. पुढचा तुकडा काकांच्या नोकरीचा, कोणत्या साली लागले, कोणाच्या हाताखाली शिकले, कधी कायम झाले. हे सगळं मानपत्रात होतं आणि मानपत्र वाचलं जाणार होतं. मग मितभाषी, कर्तव्यदक्ष, निगर्वी अशा विशेषणांचा तुकडा. तो अध्यक्षांच्या भाषणात असणारच, कारण गेली कित्येक वर्षं तो प्रत्येकाच्या निरोपात असतो. शेवटी एक चारोळी आणि "उत्तम आरोग्य लाभो, काही चुकलं असल्यास क्षमा असावी".

हे पाच तुकडे मिळून 273 शब्द झाले. बरोबर अर्धं भाषण. ते निघालं तेव्हा ताईंना एकाचंही वाईट वाटलं नाही. थोडी हळहळ चारोळीची वाटली, कारण ती त्यांच्या मुलीनं केली होती. ती मुलीनं सुंदर अक्षरात लिहून भेटकार्डावर द्यावी असं ठरलं.

उरल्या तीन आठवणी, 272 शब्दांच्या. अडचण इथून पुढे होती, कारण तिन्ही खऱ्या होत्या आणि तिन्ही फक्त ताईंच्याच होत्या.

पहिली शालीची. दुसरी परीक्षेच्या दिवशीची. जवारीसाठी तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवायचा सुती दोरा ऐनवेळी सापडेना, तेव्हा काकांनी नव्या कुडत्याच्या बाहीची शिवण उसवून दोरा काढला. तिसरी भोपळ्याची, आणि ती ताईंच्या सर्वांत जवळची. 1998 साली त्या तिथेच विद्यार्थिनी होत्या. एक दिवस घाईत त्यांनी तानपुरा आडवा ठेवण्याऐवजी भिंतीला टेकवून उभा ठेवला. तो घसरला आणि भोपळ्याला तडा गेला. कार्यालयात चौकशी झाली तेव्हा काका म्हणाले, माझ्या हातून निसटला. दुरुस्तीचा खर्च त्यांच्या पगारातून कापला गेला. ताईंना हे बऱ्याच महिन्यांनी कळलं, आणि इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणीही त्यावर एक शब्द बोललेलं नव्हतं. उद्या माइकवरून सगळ्यांसमोर ते सांगायचं आणि आभार मानायचे, यासाठीच खरं तर त्यांना भाषण करायचं होतं.

कोणती आठवण ठेवायची हे वाचून ठरत नाही, असा माझा अनुभव आहे. वाचताना लिहिणाऱ्याचा जीव जिथे गुंतलेला असतो तिथेच डोळा अडकतो. म्हणून मी सौभाग्यवतींना बाहेर बोलावलं. त्या काकांना ओळखत नाहीत. ताईंनी तिन्ही आठवणी कागद न बघता त्यांना सांगितल्या. मग चहा झाला, दुसऱ्या गप्पा झाल्या, तासाभरानं मी विचारलं, त्या काकांचं काय आठवतंय? त्या म्हणाल्या, "ती शाल. स्वतः कुडकुडत बसायचं आणि शाल तानपुऱ्याला!" जरा थांबून बाहीचंही आठवलं. भोपळ्याबद्दल मात्र त्यांनी उलट प्रश्न विचारला: "पण मग पगार कापणाऱ्यांना नंतर कुणी काही बोललं का?"

या प्रश्नानं निकाल लागला. भोपळ्याच्या आठवणीला पूर्वपीठिका लागते. ताई तेव्हा विद्यार्थिनी होत्या, चौकशी कशी झाली, काका खोटं का बोलले, खर्च कुणी भरला. पाच मिनिटांत 96 शब्द देऊन हे नीट उलगडता येतं आणि शेवटी लक्ष काकांच्या मोठेपणावर आणता येतं. दोन मिनिटांत ती चाळीस शब्दांत आखडली असती, आणि आखडल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात पगार कापल्याचं राहिलं असतं. पहिल्या रांगेत संस्थेचे पदाधिकारी बसणार होते. काकांच्या निरोपात त्यांच्याच पगाराचा हिशेब निघाला असता. शिवाय जे काकांनी पाव शतक मनात ठेवलं, ते त्यांना न विचारता सभेत उघडं करायचं का, हा प्रश्न होताच. लेखी मजकूर लांब असताना हा धोका दिसत नाही. मजकूर छोटा झाला की तो उघडा पडतो.

ताईंना हे पटलं, पण डोळे भरून आले. "मग मी बोलूच कशाला?" म्हणाल्या. बराच वेळ आम्ही तसेच बसून होतो. मग त्यांच्याच तोंडून निघालं, "काकांना तरी कळायला हवं की मी विसरले नाहीये." मी म्हटलं, मग फक्त काकांनाच कळेल असं एक वाक्य ठेवा. सभेला त्याचा अर्थ कळायची गरज नाही. ते वाक्य त्यांनी तिथेच लिहिलं: "काका, भोपळ्याचं तेवढं आपल्या दोघांत राहू दे." सात शब्द, चार सेकंदं. सभागृहाला एवढं कळतं की या दोघांचं काहीतरी गुपित आहे, आणि ज्याला कळायचं त्याला सगळं कळतं. असं वाक्य भाषणात एकच असावं, दुसरं आलं की बाकीच्यांना आपण परके वाटू लागतो. आणि त्याच्या लगेच पुढे सगळ्यांना आपलं वाटेल असं काहीतरी यायला हवं, म्हणजे क्षणभर बाहेर राहिलेली सभा पुन्हा आत येते.

भोपळ्याचं मूळ पान मात्र ताईंनी न कापता, पूर्ण 96 शब्दांचं, वेगळ्या कागदावर उतरवून पाकिटात घातलं. ते समारंभानंतर काकांच्या हातात द्यायचं ठरलं.

आता शालीची आठवण. ती ठेवायची, आणि पूर्ण ठेवायची. पण 112 शब्द परवडणारे नव्हते. पूर्ण ठेवायची म्हणजे तिच्यातली कृती आणि बोलणं पूर्ण ठेवायचं. बाकीचं तपासायचं. मूळ मजकुरात मध्येच एक स्पष्टीकरण होतं. गार खोलीत गार तानपुरा लावला, मग वर्ग भरला, ऊन आलं, खोली तापली की तारा सैल पडतात आणि सूर उतरतो, म्हणून काका वाद्य आधीच उबेत ठेवायचे. हे अगदी खरं आणि सुंदर आहे, बाहेरच्या सभेत मी ते काढू दिलं नसतं. पण इथली सभा ग्वाल्हेरची आणि संगीतशाळेची. ज्या गावात 1918 साली भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं आणि जिथल्या घराघरांत कुणी ना कुणी ख्याल शिकलेलं असतं, तिथे थंडीचा तानपुऱ्यावर काय परिणाम होतो हे सभेला सांगायची गरज नव्हती. ऐकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते काढल्यानं ऊब कमी होत नाही. उलट त्याला स्वतःहून समजल्याचा आनंद मिळतो. स्पष्टीकरणाचे चाळीसेक शब्द गेले.

दुसरं, काकांच्या वाक्यानंतर ताईंनी लिहिलं होतं, "यावरून काकांची वाद्यांवरची निष्ठा दिसून येते." ते काढलं. काका जे बोलले त्यात ते सगळं आलेलं आहे, आणि त्यानंतर लगेच दुसरं वाक्य आलं की सभेला ते मनात मुरवायला वेळच मिळत नाही. त्या वाक्याच्या जागी कागदावर एक आडवी रेघ काढली: इथे थांबायचं, मनात तीन अंक मोजायचे.

बाहीच्या आठवणीत वेगळीच दुरुस्ती झाली. ताईंनी काकांचं बोलणं भाषणात शोभावं म्हणून शुद्ध करून लिहिलं होतं: "हं, बाळ, आता तू निश्चिंत मनानं गा." मी विचारलं, काका खरंच असं म्हणाले? त्या हसल्या. ती मुलगी हिंदी बोलणारी, काका तिला म्हणाले होते, "चल बेटा, अब गा." आम्ही इथे असेच बोलतो. घरात मराठी, वर्गात हिंदी, आणि एका वाक्यात दोन्ही. जे शब्द माणसानं उच्चारले तेच ठेवले तर सभागृहात त्याचा आवाज ऐकू येतो. भाषांतर केलं की ताईंचा आवाज ऐकू आला असता.

शेवट सापडायला सर्वांत जास्त वेळ लागला. उत्तम आरोग्याच्या शुभेच्छा काढून टाकल्यावर भाषण बाहीवरच संपत होतं, आणि ते हसण्यावर संपणं ताईंना नको होतं. मी कार्यक्रमपत्रिका काढली. मानपत्र सुरुवातीला, मग सात भाषणं, मग शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग काकांचं उत्तर. सत्काराची शाल! ती तर आमच्यासमोरच होती, पण पत्रिका हातात घेईपर्यंत दिसली नव्हती. ताईंनी आधी लिहिलं, "आज तुम्हाला शाल मिळाली." पण सत्कार भाषणांनंतर होता, तेव्हा ते "थोड्या वेळानं मिळेल" असं करावं लागलं. हे फार लहान वाटेल, पण सभेत समोर घडणाऱ्या गोष्टीवर शेवट बेतला असेल तर क्रम विचारून घ्यावाच लागतो. काकांच्या खांद्यावर शाल नसताना "मिळाली" म्हटलं असतं तर सगळे इकडेतिकडे बघत बसले असते. सूत्रसंचालक मीच असल्यानं क्रम ऐनवेळी बदलणार नाही एवढी खात्री मला देता आली.

रात्री साडेनऊला तयार झालेला मजकूर हा:

"नमस्कार.

जानेवारीतली सकाळ होती, साडेसहाची. या शाळेत शिकवायचा माझा पहिला दिवस. वर्गात अंधार होता आणि अंधारातून षड्ज येत होता. दिवा लावला तर काका तानपुरा लावत बसलेले. अंगात नुसता स्वेटर. शाल तानपुऱ्याच्या भोपळ्याला गुंडाळलेली.

मी विचारलं, 'काका, थंडी नाही वाजत?'

काका म्हणाले, 'मला वाजली तर चहा आहे. हिला वाजली तर पोरं बेसूर होतील.'

एकदा परीक्षेच्या दिवशी जवारीचा दोरा सापडेना. परीक्षक येऊन बसलेले, आमची मुलगी रडकुंडीला आलेली. काकांनी नव्या कुडत्याची बाही दातानं उसवली, दोरा काढला, तारेखाली सारला, म्हणाले, 'चल बेटा, अब गा.' मुलगी पास झाली. बाही अजून उसवलेलीच आहे.

काका, भोपळ्याचं तेवढं आपल्या दोघांत राहू दे.

वर्ग सुरू व्हायच्या आधी कुणीतरी आपल्यासाठी येऊन बसलेलं असतं, याची आम्हाला सवय झाली होती. उद्या सकाळी साडेसहाला मुली स्वतः तानपुरे लावतील. तुम्ही शिकवलंय तसेच: आधी जोडीच्या तारा, मग खर्ज, मग पंचम.

आता थोड्या वेळानं तुम्हाला शाल मिळेल. काका, ही शाल तेवढी स्वतःच्या अंगावर ठेवा."

138 शब्द झाले. मूळ भाषणाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास, पण शाल आणि बाही यांतली एकही कृती सुटलेली नाही. पहिल्या दिवसापासून निवृत्तीपर्यंतच्या वर्षांचा उल्लेखही उरला नाही. तरी "सवय झाली होती" या दोन-तीन शब्दांत तो काळ येतो, असं मला वाटतं.

मग तालीम. उभं राहून, मोठ्यानं, वही छातीच्या उंचीवर धरून. बसून मनात वाचलेल्या भाषणाची वेळ नेहमी कमी भरते, ती धरून चालू नये. पहिल्या वेळी सौभाग्यवती "चहा आहे" इथेच हसल्या आणि ताई न थांबता पुढचं अर्धं वाक्य बोलून गेल्या. ते हसण्यात बुडालं. आणि खरं सोनं तर त्या दुसऱ्या अर्ध्यात आहे! म्हणून तिथे कागदावर दुसरी रेघ काढली: हसू ओसरेपर्यंत थांबायचं, मगच "हिला वाजली तर". दुसऱ्या वेळी एक मिनिट बावन्न सेकंद भरली. तिसऱ्या वेळी ताईंचा गळा दाटला, भोपळ्याच्या वाक्यावर, अपेक्षेप्रमाणे. त्यावर उपाय एवढाच केला की शेवटची दोन वाक्यं कागदाशिवाय पाठ करायची. काहीही झालं, आवाज गेला, ओळ सापडली नाही, तर सरळ तिथे उडी मारायची. मधलं गाळलं तरी भाषण पूर्ण होतं. मजकूर त्यांनी एका जाड कागदाच्या एकाच बाजूला मोठ्या अक्षरात लिहिला, पान उलटायला लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्या पाचव्या क्रमांकाला उठल्या. आधीच्या चारांपैकी तिघांनी मान्यवरांची नावं घेतली होती आणि दोघांनी काकांच्या नोकरीची सालं सांगितली होती. ताई "नमस्कार" म्हणून सरळ "जानेवारीतली सकाळ होती" म्हणाल्या तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. "चहा आहे" ला हसू आलं, ताई थांबल्या, मग दुसरं अर्धं वाक्य पडलं आणि सभागृह शांत झालं. मी तीन अंक मोजले, त्यांनी बहुधा पाच मोजले. बाहीच्या वेळी काकांनी स्वतःच हात वर करून बाही दाखवली. तोच कुडता त्या दिवशी अंगात होता, हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं.

भोपळ्याच्या वाक्यानंतर त्या अडल्या. काका खाली बघत होते. ताईंनी "सवय झाली होती" हे वाक्य म्हटलं, पण उद्याच्या तानपुऱ्यांचं आणि जोडीच्या तारांचं गाळून थेट शालीवर गेल्या. सतरा शब्द राहिले. ते मला आजही लागतं, कारण पुढच्या सकाळकडे बघणारं तेवढंच होतं. पण ऐकणाऱ्यांना काही तुटल्यासारखं वाटलं नाही. थांबणं, हसणं, अडखळणं सगळं धरून दोन मिनिटं सहा सेकंद झाली. इतकी सूट मी कुणालाही देतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला सांभाळता आली नाही. पदाधिकाऱ्यांपैकी एक ज्येष्ठ गृहस्थ नंतर मला म्हणाले की ताईंनी व्यासपीठाचा साधा उल्लेखही केला नाही. त्यांचं म्हणणं रीतीला धरून होतं. मी त्यांना सांगितलं की नावं मी घेतली होती आणि ताईंच्या भाषणातून ती मीच काढायला लावली होती. पुढच्या वेळी एवढंच करीन की सुरुवातीला सूत्रसंचालकानंच जाहीर करावं, वेळ थोडा असल्यानं वक्ते थेट बोलायला सुरुवात करतील, तरी राग नसावा. सात जणांचं मिळून त्यात बरंच वाचेल.

सत्कार झाला. अध्यक्षांनी शाल पांघरली, काकांनी ती काढून घडी घालायला सुरुवात केली, सवयीनं, आणि ताईंकडे बघून पुन्हा खांद्यावर घेतली. त्यांना उत्तरासाठी पाच मिनिटं होती. ते हात जोडून दोन वाक्यं बोलले आणि बसले.

खुर्च्या आवरताना ताई त्यांच्याजवळ गेल्या आणि पाकीट दिलं. काकांनी ते उघडलं नाही. कुडत्याच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "घरी वाचतो. चष्मा नाही आणला."